नक्षी शाबूत असताना टायरची साल का निघते?

प्रश्न: पुण्याहून कोल्हापूरला येताना पेठ नाक्याच्या अलीकडे माझ्या गाडीच्या मागच्या टायरचा वरचा पट्टाच सोलून गेला. नक्षी भरपूर होती, हवाही सकाळीच बघितली होती. मग असं झालंच कसं?

उत्तर: उद्यमनगरात माझं टायरचं दुकान आहे. अशी सोललेली टायरं उन्हाळ्यात आमच्याकडे येतातच, आणि प्रत्येक गिऱ्हाइकाचं पहिलं वाक्य तुमचंच असतं, "नक्षी तर होती की!" पण नक्षी म्हणजे टायरची चप्पल. साल निघते ती खालच्या थरातून.

रेडियल टायरच्या नक्षीखाली बारीक पोलादी तारांचे दोन पट्टे एकावर एक असतात. त्यांना धरून ठेवतं ते मधलं पातळ रबर. चाक फिरताना या पट्ट्यांच्या कडा सगळ्यात जास्त ताणल्या जातात, म्हणून चीर तिथंच पडते. ती आत आत सरकते आणि एक दिवस वरचा पट्टा नक्षीसकट सुटतो. खालचा सांगाडा शाबूत राहिला तर हवाही तशीच राहते. म्हणून हवेचा काटा याची चाहूल देत नाही.

मागच्या एप्रिलमधली एक गाडी सांगतो, म्हणजे बाकीचं आपोआप कळेल. सात जणांची गाडी, त्यात नऊ माणसं, टपावर सामान, तुळजापूरला जाऊन आलेली. तक्रार एवढीच, की मागची सीट थरथरते. दुसरीकडं दोनदा बॅलन्सिंग करून झालं होतं, फरक शून्य. मी विचारलं, "हळू चालवताना पण जाणवतं का?" म्हणाले, "हो, वीसच्या वेगाला धप धप करते." तिथंच शंका आली. नुसतं बॅलन्सिंग बिघडलं असेल तर थरथर सत्तर-ऐंशीच्या पुढं येते. हळू वेगालाही ठोके पडत असतील, तर टायरचा आकारच बिघडलाय.

गाडी जॅकवर घेतली, नक्षीजवळ स्क्रूड्रायव्हर स्थिर धरला आणि चाक हातानं सावकाश फिरवलं. एका जागी नक्षी तीन-चार मिलिमीटर वर आलेली होती आणि तेवढाच भाग वेगळा झिजला होता. टायर कापून दाखवलं. आत तारांवर लाल गंज आणि चिरेतलं रबर घासून घासून चकचकीत झालेलं. चकचकीत याचा अर्थ, दोन थर एकमेकांवर बरेच दिवस घासत होते. म्हणजे कालपरवाचं दुखणं नव्हतं.

मग त्या टायरची जुनी हकीकत निघाली. वर्षभरापूर्वी पंक्चर झालेलं टायर तसंच दोनेक किलोमीटर ओढलं होतं, मग बाहेरूनच दोरी ठोकून घेतली. आत काय चुरगळलंय ते कुणी रिमवरून काढून बघितलंच नाही. दोरीच्या बाजूनं ओल तारांपर्यंत गेली. बाजूवरचे चार आकडे २२१६, म्हणजे २०१६ सालचा बाविसावा आठवडा. टायरातली हवा आतून हळूहळू झिरपते आणि तिच्यातला प्राणवायू ते मधलं रबर ताठ करतो, गाडी उभी असली तरी. वर नऊ माणसांचं वजन. वजन जास्त किंवा हवा कमी, परिणाम एकच: टायर जास्त वाकतं आणि तापतं. ताठ झालेलं रबर तापलं की चीर वेगानं पळते. कागलकडून दुपारच्या उन्हात एका दमात शंभरनं आलेली गाडी म्हणजे तोच खेळ.

आणि हो, "उन्हाळ्यात हवा कमी ठेवा" म्हणणाऱ्यांचं ऐकू नका. उलट कमी हवेनंच टायर जास्त तापतं. हवा सकाळी थंड टायरात, दाराच्या कडेच्या स्टिकरवर लिहिलीय तेवढी. पूर्ण भार असेल तर तिथंच दिलेला वरचा आकडा. तापलेल्या टायरातली वाढलेली हवा सोडू नका.

वय पाच वर्षांच्या पुढं गेलं की दरवर्षी टायर रिमवरून काढून आतून बघून घ्या, आणि दहा वर्षांचं झालं की नक्षी कितीही असो, काढून टाका. स्टेपनीलाही हेच लागू. तरी खरं सांगतो, पट्ट्याच्या कडेची सुरुवातीची चीर आम्हालाही बाहेरून दिसत नाही. म्हणून नव्यानं आलेला ठोका, सीटची किंवा स्टिअरिंगची वाढत जाणारी थरथर, नक्षीवर टेंगूळ, यातलं काहीही दिसलं की हायवेला जाऊ नका.

आता तुमच्या गाडीचं. उरलेली तीन टायरं त्याच वयाची असतील तर त्यांनीही तेच ऊन खाल्लंय, आधी त्यांचे आकडे वाचा. दोनच नवी घेणार असाल तर ती मागं टाका, कारण मागचं टायर गेलं तर गाडीची शेपूट फिरते आणि ती सावरणं अवघड. आणि सुटलेला पट्टा मडगार्डच्या आत फटके मारत असतो, तेव्हा त्या चाकाजवळचा ब्रेकचा पाइप आणि सेन्सरची वायर मेकॅनिकला दाखवल्याशिवाय गाडी बाहेर काढू नका.