पॅनिंग शॉटमध्ये समोरून येणारा सायकलवाला टाकायचाय, ब्लर किती द्यायचा?

«गंगापूर रोडवर मित्राच्या सायकलमागे कॅमेरा फिरवत शॉट घेतला. २५ फ्रेम, शटर १/५०. आता त्यात उलट दिशेने जाणारा दुसरा सायकलवाला टाकायचा आहे. तो नंतर ट्रायपॉडवर, कॅमेरा न हलवता शूट केला, शटर तेच. कापून लेयर केला, पोझिशनला कीफ्रेम दिल्या, मोशन ब्लर चालू केला, तरी चिकटवल्यासारखा दिसतो. ब्लर किती ठेवायचा?»

तुमच्या लेयरवर ब्लर दोनदा बसतोय. ट्रायपॉडवर १/५० ने शूट केलेल्या सायकलवाल्यात त्याच्या स्वतःच्या वेगाचा ब्लर आधीच छापलेला आहे. कीफ्रेमने तुम्ही त्याला फ्रेमभर पूर्ण वेगाने पळवलं, तेव्हा सॉफ्टवेअरने त्या पूर्ण वेगाचा ब्लर वरून आणखी दिला. सॉफ्टवेअरला लेयर किती सरकला एवढंच कळतं, क्लिपच्या आत काय पळतंय ते कळत नाही.

आकडे घालून बघू. तुमचा शॉट माझ्यासमोर नाही, म्हणून मी सोयीचे धरतो. मित्र तुमच्यापासून १२ मीटरवर, ताशी १८ किलोमीटर म्हणजे सेकंदाला ५ मीटर वेगाने चाललाय. तुम्ही त्याच्याबरोबर कॅमेरा फिरवल्यामुळे तो फ्रेममध्ये जवळपास जागेवरच आहे आणि मागचे खांब, झाडं, भिंत दर फ्रेमला ४० पिक्सेल मागे सरकतायत. २५ फ्रेमला १/५० म्हणजे शटर अर्धा वेळच उघडं, म्हणून ब्लर सरकण्याच्या निम्मा: २० पिक्सेल. कॅमेरा एकाच जागी उभा राहून फिरत असेल तर स्थिर वस्तू जवळची असो की लांबची, फ्रेमच्या मधल्या भागात ती साधारण तेवढीच सरकते. त्यामुळे हा २० चा आकडा सगळ्या स्थिर गोष्टींना लागू होतो.

समोरून येणाऱ्याचं गणित इथे बदलतं. बहुतेक जण ४० ची दुप्पट करून ८० धरतात. तो मित्राइतक्याच अंतरावर असता तर ते बरोबर ठरलं असतं, पण तो पलीकडच्या बाजूला आहे. तो १६ मीटरवर आहे असं धरू. त्याच वेगाने चालला तरी लांब असल्यामुळे त्याची स्वतःची चाल ४० ऐवजी ३० पिक्सेल दिसेल. कॅमेऱ्याचे ४० आणि त्याचे ३० मिळून तो दर फ्रेमला ७० पिक्सेल सरकायला हवा आणि त्याचा ब्लर ३५ व्हायला हवा. तुमच्या क्लिपमध्ये ३० चा निम्मा, म्हणजे १५ पिक्सेल, आधीच आहे. कीफ्रेमने ७० सरकवून तुम्ही वर ३५ दिलात, एकूण झाले ५०. तो चिकटवल्यासारखा दिसतो तो यामुळेच.

म्हणून त्याला स्वतः पळवू नका. कापलेल्या सायकलवाल्याला मध्यभागी धरून ठेवण्याऐवजी ट्रायपॉडची अख्खी क्लिप तशीच घ्या, त्याला तिच्यातून त्याच्या चालीने जाऊ द्या. मग ती क्लिप मूळ शॉटमधल्या एखाद्या स्थिर खांबाच्या ट्रॅकला बांधा आणि मोशन ब्लर चालू करा. लेयर फक्त कॅमेऱ्याचे ४० सरकेल आणि २० पिक्सेल ब्लर देईल. १५ आत आहेत, २० वरून आले, हिशोब जुळला. हाताने केलेलं पॅन कधीच एका वेगाने होत नाही. लेयर ट्रॅकला बांधलेला असला की तो चढउतारही आपोआप ब्लरमध्ये येतो. दोन ब्लर एकावर एक आले की कडा खऱ्यापेक्षा किंचित मऊ पडतात. चालत्या शॉटमध्ये ते कुणाला दिसत नाही.

आफ्टर इफेक्ट्समध्ये असाल तर कॉम्पोझिशन सेटिंगमध्ये `Shutter Angle` १८० आणि `Shutter Phase` उणे ९० आहे ना ते बघा. ट्रॅकर ब्लर झालेल्या खांबाचा मध्य पकडतो, म्हणून ब्लरही त्या मध्याच्या दोन्ही बाजूंना सारखा पसरायला हवा. फेज शून्य केला तर सगळा ब्लर एकाच बाजूला जातो आणि लेयर खांबापासून साधारण १० पिक्सेल हटल्यासारखा दिसतो. सकाळच्या उन्हात चमकणारं हँडल किंवा मागचा रिफ्लेक्टर असेल तर प्रोजेक्टमध्ये `Linearize Working Space` पण चालू करा. नाहीतर चमकीची लांब रेघ पडण्याऐवजी राखाडी डाग पडतो.

जुळलं की नाही हे मी चाकावरून ठरवतो. चाक रस्त्याला टेकतं तो बिंदू त्या क्षणी जवळपास स्थिर असतो, आणि टायरचा माथा सायकलच्या दुप्पट वेगाने पुढे जात असतो. म्हणून तुमच्या शॉटमध्ये टायरचं खालचं टोक रस्त्याइतकंच, २० पिक्सेल, ब्लर दिसायला हवं आणि माथा ५० च्या आसपास. फ्रेम थांबवून झूम करा. टायरचा तळ रस्त्यापेक्षा जास्त पसरलेला दिसला तर ब्लर अजून दोनदाच बसतोय. ही खूण हाताने दिलेल्या सरसकट ब्लरमध्ये कधीच जुळत नाही, कारण तिथे तळ आणि माथा सारखेच पसरतात.

अट एकच, ट्रायपॉडच्या क्लिपचं शटर खरोखर १/५० असायला हवं. फोनवर ऑटोमध्ये घेतलं असेल तर उन्हात ते १/५०० किंवा त्याहून वर गेलेलं असतं. तेव्हा आतला ब्लर जेमतेम दीड पिक्सेल असतो आणि चाकाच्या तारा सुट्या मोजता येतात. ताशी १८ किलोमीटरला चाक १/५० सेकंदात साधारण १७ अंश फिरतं. ३६ तारांच्या चाकात दोन तारांमध्ये १० अंशांचं अंतर असतं, म्हणजे खऱ्या शॉटमध्ये तारा एकमेकींत विरघळायलाच हव्यात. अशी क्लिप असेल तर खांबाला बांधण्याआधी तिच्यावर `Pixel Motion Blur` लावा. शरीर आणि फ्रेमपुरतं ते ठीक काम करतं. तारा एकसारख्या असल्यामुळे चाकात मात्र ते गोंधळतं, म्हणून चाकांचा वेगळा मास्क करून १७ अंशांचा गोल ब्लर द्या. कटकट आहे, म्हणून पुन्हा शूट करता येत असेल तर मी शूटच करेन.

आणि करणार असाल तर त्याच रस्त्यावर, त्याच जागेवरून, त्याच लेन्सवर आणि त्याच वेळच्या उजेडात करा. मग सायकलवाला काटेकोर कापायची गरजच राहत नाही. त्याच्याभोवतीची भिंत आणि रस्ता मूळ शॉटमधलेच असतात आणि खांबाला बांधल्यावर त्यांनाही तोच २० चा ब्लर मिळतो, त्यामुळे सैल, मऊ कडांचा मास्क चालून जातो. दुसरीकडे शूट करून कापलं तर कडेच्या त्या १५ पिक्सेलमध्ये जुन्या जागेचा रंग मिसळलेला राहतो, आणि झाडांसमोर आल्यावर सायकलवाल्याभोवती आकाशाची पांढरी किनार दिसते. शेवटी थोडा ग्रेन मात्र घाला, कारण वरून दिलेल्या ब्लरने लेयरमधला मूळ ग्रेन पुसला जातो आणि तेवढाच तुकडा गुळगुळीत दिसतो.