स्विच उघडला, पण करंट थांबला नाही

“सर, मी डिचोलीचा. इलेक्ट्रिकल डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला आहे. स्विच उघडल्यानंतरचा इंडक्टरचा करंट काढायचं गणित दोनदा चुकलं. पेपर सोबत जोडलाय. बॅटरीच सुटली तर करंट येतो कुठून? ब्रँच बदलून सिव्हिल घेऊ का?”

तुझा पेपर पाहिला. आकडेमोड बरोबर आहे, चूक पहिल्याच ओळीत आहे.

आधी एक भाषेची गोची. आपण घरी ‘स्विच बंद कर’ म्हणतो तेव्हा दिवा विझतो. पुस्तकातला बंद स्विच मात्र जोडलेला असतो. मराठी शाळेतून आलेली मुलं इथे हमखास अडखळतात. म्हणून मी ‘जोडला’ आणि ‘उघडला’ एवढंच म्हणतो.

आता तुझं गणित. २४ व्होल्टची बॅटरी, स्विच आणि २ ओहम ओळीत. पुढे दोन फांद्या: एकीत ०.५ हेन्रीची कॉइल, तिचा स्वतःचा रोध ४ ओहम. दुसरीत १२ ओहम. स्विच बराच वेळ जोडलेला, म्हणजे कॉइलचा करंट स्थिरावलाय आणि इंडक्टर नुसती तार झालाय. ४ आणि १२ समांतर म्हणजे ३, त्यात २ मिळवले की ५ ओहम. बॅटरीतून ४.८ अँपिअर. तू हाच आकडा सुरुवातीचा म्हणून घेतलास. पण कॉइलच्या वाट्याला त्यातले ३.६ येतात, बाकी १.२ दुसऱ्या फांदीतून जातात.

स्विच उघडला की कॉइलचा करंट एका क्षणात बदलू शकत नाही, कारण तिच्या चुंबकीय क्षेत्रात ऊर्जा साठलेली असते, इथे ३.२४ ज्यूल. करंट येतो तो तिथून. ३.६ अँपिअर तसाच वाहत राहतो, पण आता त्याला परतायला १२ ओहमचीच वाट उरते. त्या फांदीत आधी वरून खाली १.२ होते, आता खालून वर ३.६. रोधातला करंट असा उडी मारू शकतो, इंडक्टरमधला नाही.

२ ओहम बॅटरीबरोबरच सुटला, त्यामुळे तो पुढे धरायचा नाही. तुझी दुसरी चूक ही. वळशात ४ आणि १२ मिळून १६ ओहम, टाइम कॉन्स्टंट ०.५ भागिले १६, सुमारे ३१ मिलिसेकंद.

i(t) = 3.6 e^(−32t)

आता १२ ओहमवरचं व्होल्टेज बघ: ३.६ × १२ = ४३.२, बॅटरीच्या जवळजवळ दुप्पट आणि उलट दिशेचं. तिथे १००० ओहम असते तर कॉइलचा सुरुवातीचा करंट सुमारे ४ अँपिअर असता, व्होल्टेज ४००० च्या आसपास आलं असतं, आणि स्विचच्या तोंडाशी ठिणगी पडली असती. वेर्ण्याच्या एखाद्या कारखान्यात कंट्रोल पॅनेल उघडून बघशील तर डीसी रिलेच्या कॉइलला उलटा जोडलेला छोटा डायोड दिसेल. तो याच करंटला वाट करून देण्यासाठी असतो.

सिव्हिल बांधकाम आवडत असेल तर जरूर घे. या गणितासाठी नको. आधी १२ च्या जागी ४ ओहम घेऊन हेच सोडव आणि उत्तर मला पाठव. सुरुवातीचा करंट ३ अँपिअर आला, तर ब्रँचचा विषय आपण फी भरायच्या वेळी काढू.