ताबा मिळेपर्यंतचं व्याज

टिळकवाडी, बेळगाव

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

परवा जाता जाता तू म्हणालास, "काका, ताबा मिळेपर्यंत फक्त व्याजच भरायचंय, म्हणजे दोन वर्षं तरी ओझं नाही." घाईत होतास म्हणून तेव्हा बोललो नाही. पण बँकेत कर्जाच्या टेबलावर माझी सत्तावीस वर्षं गेली, आणि हेच वाक्य बोलून सही केलेली माणसं पुढे किती वेळा समोर येऊन बसली ते मी पाहिलंय. म्हणून सविस्तर लिहितो.

तुझेच आकडे घेऊ. फ्लॅट ४० लाखांचा, तुझे १० लाख, बँकेचे ३० लाख, मुदत २० वर्षं. व्याजदर हिशेबाला सोपा म्हणून ९ टक्के धरू. म्हणजे एका लाखाला महिन्याला ७५० रुपये व्याज. एवढं लक्षात ठेवलंस तर कुठल्याही कॅल्क्युलेटरची गरज नाही.

बँक ३० लाख एकदम देत नाही. आधी तुझे १० लाख बिल्डरकडे जातात, त्याच्या पावत्या बँक बघते, मग बांधकाम जसं वर जाईल तसे टप्प्याटप्प्याने पैसे सुटतात. बांधकामाच्या टप्प्यांशी पैसे जोडूनच द्यावेत, असं रिझर्व्ह बँकेने २०१३ साली सगळ्या बँकांना सांगितलं आहे. व्याज लागतं ते सुटलेल्या रकमेवरच, आणि रक्कम सुटली त्या दिवसापासून. मंजूर झालेल्या ३० लाखांवर नाही. ताबा मिळेपर्यंत भरायच्या या नुसत्या व्याजाला प्री-ईएमआय म्हणतात. त्यातून मुद्दल एका रुपयानेही कमी होत नाही.

आता समज, बँकेचे पैसे असे सुटणार आहेत: जोतं झालं की ८ लाख, तिसऱ्या स्लॅबला ८, शेवटच्या स्लॅबला ६, वीटकाम-गिलाव्याला ६ आणि ताब्याच्या वेळी २ लाख. दर टप्प्यात चार महिन्यांचं अंतर धरू. पहिले चार महिने तू महिन्याला ६,००० भरशील. पुढचे चार महिने १२,०००, मग १६,५००, मग २१,०००. सोळा महिन्यांत एकूण २ लाख २२ हजार जातात. ताबा मिळून उरलेले २ लाख सुटले, की पूर्ण ३० लाखांचा हप्ता सुरू होतो, साधारण २७,००० रुपये. इथवर सगळं ठीक आहे. पगार ४८,०००, अनगोळच्या खोलीचं भाडं ९,०००, तुला हे झेपतं.

गोष्ट बिघडते ती गिलाव्यानंतर. इमारत बाहेरून पूर्ण दिसते, २८ लाख सुटलेले असतात, आणि काम थांबतं. लिफ्ट आली नाही, वीज जोडणी अडली, इमारत वापरायला परवानगी देणारा दाखला, म्हणजे ओसी, मिळेना. अशा वेळी दर महिन्याला २१,००० व्याज आणि ९,००० भाडं चालूच राहतं. वर्षभर ताबा लांबला तर नुसतं व्याज २ लाख ५२ हजार, म्हणजे आधीच्या सोळा महिन्यांत भरलंस त्याहून जास्त. आणि वर्षाअखेरीस कर्ज तेवढंच, २८ लाख. बिल्डर चुकला म्हणून बँक थांबत नाही. एक हप्ता चुकला तरी नोंद तुझ्याच नावावर होते.

म्हणून व्याजदर पाव टक्क्याने कमी करून घेण्यासाठी तू जेवढ्या बँका फिरलास, त्याच्या अर्धा वेळ तरी करारातल्या हप्त्यांच्या परिशिष्टाला दे. तुझा खरा खर्च तिथे ठरतो. हेच २८ लाख पहिल्याच महिन्यात सुटले असते, तर सोळा महिन्यांचं व्याज ३ लाख ३६ हजार झालं असतं. फ्लॅट तोच, बँक तीच, दर तोच, आणि १ लाख १४ हजार जास्त.

तुझ्या कोल्हापूरच्या मामांनी सांगितलं की जोत्यापर्यंत ४५ टक्क्यांच्या वर आणि सगळ्या स्लॅबपर्यंत ७० टक्क्यांच्या वर बिल्डर घेऊच शकत नाही. ते खरं आहे, पण महाराष्ट्रात. तिथल्या नियमांतल्या नमुना करारात या मर्यादा छापलेल्या आहेत. आपण कर्नाटकात आहोत. इथल्या करारात हप्ते परिशिष्टात दोघांनी ठरवल्याप्रमाणे लिहिले जातात. म्हणजे जे ठरवायचं ते सहीच्या आधी तुलाच ठरवून घ्यावं लागेल. दोन्हीकडे सारखी असलेली गोष्ट म्हणजे घर घेणाऱ्यांच्या संरक्षणासाठीचा केंद्राचा रेरा कायदा: करार नोंदवल्याशिवाय बिल्डरला किमतीच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम घेता येत नाही. मात्र जागा ५०० चौरस मीटरपेक्षा जास्त नसेल किंवा फ्लॅट आठपेक्षा जास्त नसतील, तर त्या प्रकल्पाला रेरा नोंदणी लागत नाही. आपल्याकडे वडगाव-शहापुरात अशा आठ फ्लॅटच्या इमारती पुष्कळ आहेत. तुझी त्यातली नाही ना, हे rera.karnataka.gov.in वर प्रकल्पाचं नाव टाकून आधी बघ. तिथेच पूर्ण व्हायची तारीख आणि दर तीन महिन्यांची प्रगतीही दिसते. जाहिरातीतल्या तारखेपेक्षा मी त्या तारखेवर जास्त विसंबेन.

परिशिष्टात मी दोनच गोष्टींवर अडून बसलो असतो. एक, टप्पा डोळ्यांनी दिसणारा हवा. "तिसरा स्लॅब ओतून झाल्यावर" असं लिहिलेलं असू दे. "तिसऱ्या स्लॅबचे काम सुरू झाल्यावर" किंवा "अमुक तारखेला" असं नको. दुसरी, शेवटची रक्कम ओसी आणि ताब्याला बांधलेली हवी, आणि ती नावापुरती नको. तुझ्या परिशिष्टात ती ५ टक्के आहे. १० मागून बघ. शेवटी अडलेलं काम पुढे सरकतं ते त्या पैशासाठी.

या पहिल्या मुद्द्याचा मला स्वतःला फटका बसलाय, तो सांगतो. रेरा यायच्या आधीची गोष्ट. मी स्वतः घर घेतलं, तेव्हा रजेची ओढाताण नको म्हणून पैसे सोडायच्या सगळ्या अर्जांवर एकदमच सह्या करून दिल्या. मे महिन्याच्या शेवटी स्लॅबचा हप्ता गेला. जूनच्या पहिल्या रविवारी जाऊन पाहतो तर वर नुसतं सेंटरिंग उभं. फळ्या ठोकलेल्या, थोड्या सळ्या बांधलेल्या, काँक्रीटचा पत्ता नाही. मग आपल्याकडचा पाऊस लागला. फळ्या फुगल्या, सळ्यांना तांबेरा चढला, कामगार गावी गेले. तो स्लॅब डिसेंबरात ओतला गेला. न झालेल्या कामाच्या पैशावर मी सात महिने व्याज भरलं. दुसऱ्यांचे असे अर्ज मी टेबलावर रोज तपासत होतो, आणि स्वतःच्या अर्जाला तो नियम लावला नाही, याचं आजही वाईट वाटतं.

तेव्हा तू असं कर. बिल्डरचं डिमांड लेटर आलं की सोबत आर्किटेक्टचा किंवा इंजिनिअरचा त्या टप्प्याचा दाखला आहे का बघ. उद्यमबागेतून सुटलास की त्याच संध्याकाळी साइटवर जा. स्लॅब मोज, फोटो काढ. मग त्या एका टप्प्यापुरत्या अर्जावर सही कर. बँक आपला इंजिनिअर पाठवते, पण तो एका दिवसात अनेक साइट बघतो. तुझे डोळे फक्त एका इमारतीवर आहेत. उशीर मात्र करू नकोस, कारण डिमांड लेटरमधली मुदत टळली की बिल्डर तुला व्याज लावतो. बँकेला चार-आठ दिवस लागतात, ते धरून पत्र आल्या दिवशीच हालचाल सुरू कर. रक्कम चेकने न पाठवता थेट खात्यात पाठवायला सांग. म्हणजे व्याज कुठल्या दिवसापासून लागलं याचा वाद राहत नाही.

मंजुरीपत्रात आणखी एक ओळ शोध. बऱ्याच बँका लिहितात की पूर्ण हप्ता ताबा मिळाल्यावर किंवा ठरावीक महिने संपल्यावर, यातलं जे आधी होईल तेव्हा सुरू होईल. म्हणजे ताबा लांबला तरी ती मुदत संपली की घरात पाऊल न टाकता पूर्ण हप्ता सुरू होतो.

आता तू विचारलं होतंस की पहिल्यापासूनच पूर्ण हप्ता भरावा का. बँक ती सोय देत असेल तर मुद्दल लवकर उतरतं, हा फायदा खरा आहे. तरी तुझ्यासाठी मी व्याजाचाच पर्याय निवडेन, एका अटीवर. पहिल्या महिन्यापासून पगारातून २७,००० काढायचेच. ६,००० व्याजाला गेले तर २१,००० रिकरिंगमध्ये. १२,००० गेले तर १५,०००. असं सोळा महिने केलंस तर व्याज सोडून २ लाख १० हजार जमतात. २८ लाखांच्या टप्प्यावर काम अडलं, तर हे बरोबर दहा महिन्यांचं व्याज आहे. आणि ताबा वेळेवर मिळाला तर हीच रक्कम मुद्दलात भर. बदलत्या व्याजदराच्या वैयक्तिक गृहकर्जात मुदतीआधी पैसे भरले तर बँक दंड लावू शकत नाही. मुद्दलात घातलेला पैसा अडचणीच्या वेळी परत मागता येत नाही, म्हणून आधी गाठीशी ठेव.

ऑफिसातल्या मित्राने सांगितलेली करसवलत हिशेबात धरू नकोस. ताब्याआधीचं व्याज जुन्या कररचनेत पाच समान भागांत पुढे वजा करता येतं हे खरं, पण राहत्या घराला वर्षाची एकूण मर्यादा २ लाख. तुझं चालू व्याजच पहिल्या वर्षी अडीच लाखांच्या वर जाईल. मर्यादा तिथेच संपते, मागच्या व्याजाला जागा उरत नाही.

बिल्डरने करारातली ताब्याची तारीख चुकवली, तर रेरा कायद्याच्या कलम १८ खाली दोन वाटा आहेत: पैसे व्याजासह परत मागायचे, किंवा फ्लॅट ठेवून उशिराच्या प्रत्येक महिन्याचं व्याज मागायचं. पण ते हातात पडायला वेळ जातो, आणि तोवर बँकेचं व्याज तुझ्याच खात्यातून जातं. त्या काळासाठीच ती दहा महिन्यांची रक्कम आहे. डिमांड लेटर, पावत्या, साइटचे तारखेचे फोटो एका फाईलमध्ये ठेव. तक्रारीला तेच लागतात.

कराराचा मसुदा मिळाला असेल तर रविवारी दुपारी घेऊन ये. काही पानं कानडीत असतील तर तशीच आण, सही करून मोकळा होऊ नकोस. शेजारच्या पाटील वकिलांना मी सांगून ठेवलंय, ते ओळ न ओळ मराठीत सांगतील. मंजुरीपत्रही सोबत असू दे, पूर्ण हप्ता सुरू होण्याची ती ओळ आपण मिळून शोधू.

तुझा,
काका