स्प्रेत्सातुरा म्हणजे नक्की काय? मुद्दाम थोडं गबाळं राहण्याला म्हणतात का?

नाही. पण हा गैरसमज आमच्या घरातच एकाने पसरवलाय, त्यामुळे उत्तर थोडं लांबणार.

अर्थ एवढाच की काम असं करायचं की त्यामागची मेहनत दिसू नये, बघणाऱ्याला वाटावं की याला हे सहजच जमतं. शब्द रूढ केला बाल्दास्सारे कास्तिल्योने या इटालियन दरबाऱ्याने. १५२८ साली व्हेनिसमध्ये छापलेल्या त्याच्या पुस्तकात उर्बिनोच्या राजवाड्यातली मंडळी चार संध्याकाळी बसून उत्तम दरबारी कसा असावा यावर बोलतात. वाचताना वाटतं सहज रंगलेल्या गप्पा आहेत. प्रत्यक्षात तो मजकूर त्याने कित्येक वर्षं खोडून खोडून लिहिला होता.

आता आमचे दाजी. इटली फिरून आले आणि माझ्या धाकट्या बहिणीच्या दिराच्या रिसेप्शनला शर्टाच्या कफवर घड्याळ बांधून हजर झाले. फियाटचे मालक जान्नी आन्येली तसं बांधायचे हे खरं आहे. दाजींनी टायही जरा वाकडा ठेवला होता. तो नेमका किती वाकडा हवा, यावर ते आरशासमोर बराच वेळ घालवत होते आणि ताई बाहेरून दार वाजवत होती. त्या दिवशी निवेदन माझ्याकडे होतं. मी कागद हातात घेत नाही, पण आदल्या रात्री पाहुण्यांची नावं, नाती, कोणाला कोणाआधी बोलवायचं हे सगळं घोकून ठेवतो. दाजी म्हणाले, "तू फार तयारी करतोस रे. इटलीत याला हसतात. स्प्रेत्सातुरा हवा." मग त्यांनी माईक घेतला आणि नवऱ्यामुलाच्या मामांना काका म्हणून बोलावलं.

गंमत म्हणजे दाजींचीच केस त्या पुस्तकात आहे. रोबेर्तो नावाचा एक गृहस्थ नाचताना अंगावरचा झगा खांद्यावरून घसरू देतो, पायातल्या सपाताही सुटू देतो, आपलं लक्षच नाही असं दाखवायला. गप्पांतला बिब्बिएना म्हणतो, याला म्हणतात बेफिकिरी! पण लुदोविको दा कानोस्सा, ज्याच्या तोंडी हा सगळा सिद्धांत आहे, तो लगेच अडवतो: अहो, हाच तर खरा देखावा. झगा पडू देण्यामागचा प्रयत्न सगळ्यांना दिसतो, म्हणजे तो ठरवून केलेला आहे. कृत्रिमपणाचं दुसरं टोकही त्या गप्पांत आहे: मान जराही न हलवता लाकडासारखा नाचणारा. लुदोविकोच्या लेखी दोघे सारखेच, कारण दोघांकडे बघताना नाच दिसत नाही, त्यांची धडपड दिसते.

शिष्टाचाराचंही तसंच. पाहुण्याला संकोच वाटू न देता हवं ते त्याच्यापर्यंत पोचवणं हे कौशल्य. आपण किती मोकळे आहोत हे सांगत फिरणं नव्हे.

कलेत लुदोविको चित्रकाराचं उदाहरण देतो: ब्रशचा एकच फटकारा, हात आपोआप गेल्यासारखा, आणि त्यावरून कळतं की या माणसाला येतं. आपेलीस या ग्रीक चित्रकाराची तक्रार होती की प्रोतोजेनीसला फळ्यावरून हात कधी उचलायचा ते कळत नाही. रेखाटन शिकणाऱ्या कोणालाही हे पटेल. खोडरबराने घासून कागद फुगला की रेषा मेलेली असते.

कपड्यांबद्दल शंका असेल तर राफाएलने काढलेलं कास्तिल्योनेचंच चित्र बघा, पॅरिसच्या लूव्रमध्ये आहे. काळं, राखाडी, थोडं पांढरं, बाह्यांना मऊ फर. काहीही ओरडत नाही. कापड मात्र उंची आहे आणि बसलंय अगदी नीट. वाकडं ठेवलेलं काही शोधून सापडणार नाही.

हेही सांगायला हवं की हा राजवाड्यातल्या माणसांचा नियम होता, आणि त्यात थोडी फसवणूक आहेच. मेहनत लपवली की समोरच्याला तुम्ही आहात त्याहून मोठे वाटता. आन्येलींच्या कफवरचं घड्याळ चाललं, कारण ते आन्येली होते. बँकेतल्या नव्या कारकुनाने तेच केलं तर साहेब विचारतील, मनगटाला पुरळ आलंय का.

तेव्हा तुम्हाला हे हवंच असेल तर आधी काहीतरी इतकं घोटा की चुकलं तरी सावरता येईल. टाय साधा बांधा आणि नंतर त्याला हात लावू नका. कोणी माईक दिला तर मामा कोण, काका कोण हे आधी विचारून घ्या. दाजी हे वाचत असतील तर त्यांनाही तेच सांगणं आहे. मामा अजून बोलत नाहीत.