बाटलीतच नासलं की ग्लासात?

प्रश्न : मी इंदूरला विजयनगरात राहतो. मे महिन्यात परवान्याच्या दुकानातून ३,२०० रुपयांची क्रीम लिकर घेतली. त्याच रात्री सील तोडलं, तर ग्लासात दह्यासारख्या गुठळ्या पडल्या. एका पाहुण्याने आपल्या ग्लासात लिंबू पिळलं होतं. दुकानदार म्हणतो, लिंबानेच नासलं, उघडलेली बाटली परत घेत नाही. बारा दिवस झाले, पाऊण बाटली शिल्लक आहे. काय करू?

उत्तर : पहिली गोष्ट, बाटली फेकू नका आणि कुणाला पिऊ देऊ नका. तुमचा पुरावा तीच आहे.

क्रीम लिकर म्हणजे मलई, साखर आणि व्हिस्कीसारखं मद्य. मलईतल्या चरबीचे बारीक थेंब वेगळे राहावेत म्हणून त्यात दुधातल्या प्रथिनापासून केलेलं सोडियम केसिनेट घालतात. मद्य साधारण १७ टक्के असल्याने ती सहज आंबत नाही. फ्रिजमध्ये ठेवली तर उघडल्यावरही सुमारे सहा महिने टिकते, त्यामुळे ‘उघडल्यावर बिघडली’ हे एका रात्रीच्या बाबतीत पटणारं नाही. मात्र लिंबाच्या आंबटपणाने तेच प्रथिन लगेच फाटतं. त्या पाहुण्याच्या ग्लासावर दावा उभा राहणार नाही. बाटलीला मात्र लिंबू शिवलेलंच नाही.

दोन शेजाऱ्यांसमोर, मोबाइलवर चित्रीकरण करत, बाटलीतून दोन चमचे कोरड्या ग्लासावर धरलेल्या चहाच्या गाळणीत ओता. गाळणीत राहिलेला गोळा बोटांत चोळा. लोण्यासारखा विरघळला, तर ती वर जमलेली मलई आहे, तिथे तुमची बाजू कमकुवत. पनीरसारखा तसाच राहिला किंवा आंबट वास आला, तर बाटलीतच नासलंय. लेबलवर बहुधा २५ अंशांखाली ठेवण्याची सूचना असते, आणि आपल्याकडे मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो. दुकानात बाटल्या उन्हाच्या काचेला लागून असतील, तर फोटो काढून ठेवा. नंतर बाटलीच्या तोंडावर चिकटपट्टी लावा, तारीख घालून सही करा आणि फ्रिजमध्ये उभी ठेवा, फ्रीझरमध्ये नको.

बिलावर वेगळी मुदत नसेल, तर सदोष माल ३० दिवसांत परत घेऊन पैसे द्यायला नकार देणं ही ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार अनुचित व्यापारी प्रथा आहे. तुमच्या हातात अजून अठरा दिवस आहेत. आजच दुकानदाराला आणि लेबलवरच्या उत्पादकाला किंवा आयातदाराला स्पीड पोस्टाने नोटीस पाठवा. बिल नसेल तर यूपीआयची नोंद जोडा.

उत्तर आलं नाही, तर इंदूरच्या जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार करा. पाच लाखांपर्यंत शुल्क नाही. नमुना तपासायचा झाला, तर आयोगच तो सीलबंद करून प्रयोगशाळेत पाठवतो, म्हणून खासगी तपासणीवर आधी पैसे घालवू नका. मुदत दोन वर्षांची आहे, पण तोवर बाटली थांबणार नाही. नोटिशीनंतर पंधरा दिवस पाहा आणि लगेच तक्रार दाखल करा.