कोपरे कापू नका, हात वर करा: व्हेंडरला भलतंच का कळतं?

प्रश्न: मी वागळे इस्टेटमधल्या एका कंपनीत पर्चेसला आहे. हेड ऑफिसचे इंग्रजी मेल व्हेंडरसाठी मराठीत किंवा हिंदीत करून पाठवणं माझ्याकडे असतं. एकही शब्द गाळत नाही, व्याकरण दोनदा तपासते, तरी समोरचा भलताच अर्थ काढतो. चूक नेमकी कुठे होते?

उत्तर:

तुम्ही शब्द गाळत नाही, तिथेच गोम आहे. रबाळे-महापे पट्ट्यात मी बरीच वर्षं हेच काम केलं आणि एका ऑर्डरवर चांगला तोंडघशी पडलो. ती गोष्ट सविस्तर सांगतो, कारण तुमच्या प्रश्नाचं बरंचसं उत्तर तिच्यातच आहे.

जुलै महिना होता. आमच्या खोकेवाल्या काकांना सहाशे फाइव्ह प्लाय खोक्यांची ऑर्डर होती, माल तळोज्याच्या गोडाऊनला १८ तारखेला हवा होता. १० तारखेला वरून इंग्रजी मेल आला आणि मी त्याचं इमानदारीत मराठी केलं: ‘या ऑर्डरमध्ये कोपरे कापू नका. दिवसाच्या शेवटी खोके चांगल्या स्थितीत पोहोचले पाहिजेत. अडचण दिसली तर लवकर हात वर करा.’

दहा मिनिटांत काकांचा फोन. “साहेब, कोपरे नाही कापले तर खोका मिटणार कसा?” इंग्रजीत ‘डोन्ट कट कॉर्नर्स’ म्हणजे कामात किंवा मालात काटछाट करू नका, पण काकांचंही खरंच होतं. शीटला खाचा पाडून जोडपट्टीच्या टोकांचे कोपरे उडवल्याशिवाय झाकणाच्या पाळ्या दुमडत नाहीत. त्यांच्याकडे त्या कामाचं वेगळं मशीन आहे आणि ते त्यांनी माझ्या मेलमुळे थांबवलं होतं. आम्ही दोघं हसलो, मशीन चालू झालं. उरलेल्या दोन वाक्यांबद्दल ते काहीच बोलले नाहीत, म्हणून मीही विसरलो.

खरं नुकसान त्या दोन वाक्यांनी केलं. ‘अ‍ॅट द एंड ऑफ द डे’ म्हणजे इंग्रजीत ‘शेवटी मुद्दा काय, तर’. काकांनी वाचलं ते सरळ मराठी होतं: आज संध्याकाळपर्यंत. तारीख अलीकडे आणली असं समजून त्यांनी दुसऱ्या पार्टीचं काम बाजूला ठेवलं आणि निम्मा लॉट रात्री टेम्पोत भरला. खळीने चिकटवलेला पुठ्ठा पावसाळ्यात वाळायला वेळ घेतो, तो त्याला मिळालाच नाही. गोडाऊनमध्ये थप्पी लावल्यावर खालचे खोके ओल्या पुठ्ठ्यासारखे बसले. माल चांगल्या स्थितीत यावा म्हणून लिहिलेल्या वाक्यानेच तो खराब करून पाठवला.

चार दिवसांनी काकांना कागद कमी पडला. त्यांचा निरोप आला: “मेलमध्ये तुम्हीच म्हणाला होतात, अडचण आली तर हात वर करा. तर उरलेल्या मालाबद्दल हात वर करतोय.” इंग्रजीत हात वर करणं म्हणजे वर्गातल्या मुलासारखं लक्ष वेधून घेणं, वेळेत सांगणं. आपल्याकडे हात वर करणं म्हणजे ‘माझ्याच्याने होणार नाही, तुमचं तुम्ही बघा’. हिंदीतही ‘हाथ खड़े कर देना’चा अर्थ हाच, त्यामुळे हिंदी मेल पाठवला असता तरी सुटका नव्हती. म्हणजे मी लेखी, कंपनीच्या नावाने, त्यांना जबाबदारी झटकायची परवानगी देऊन बसलो होतो.

तेव्हापासून मी अशा वाक्यांकडे एकाच नजरेने बघतो. जे भाषांतर ऐकायला वेडगळ वाटतं, ते फारसं धोक्याचं नाही, कारण वाचणारा फोन करतो. ‘सगळे एकाच पानावर असू द्या’ लिहिलंत तर तो विचारेल, कुठलं पान? धोका असतो तो मराठीत नीट बसणाऱ्या वाक्याचा. ‘दिवसाच्या शेवटी’ला स्वतःचा साधा अर्थ आहे, ‘हात वर करा’ तर आपलाच वाक्प्रचार आहे. वाचणाऱ्याला शंकाच येत नाही, मग तो विचारेल कशाला? आणि तुम्हालाही चूक दिसत नाही, कारण तुमच्या डोळ्यांसमोर मूळ इंग्रजी असतं. म्हणून मेल पाठवण्याआधी इंग्रजी खिडकी बंद करायची आणि मराठी मजकूर स्टोअरमधल्या कुणाला तरी वाचायला द्यायचा. “यात आपल्याला काय करायला सांगितलंय?” एवढंच विचारायचं. ‘कळलं का?’ असं विचारू नका, सगळे हो म्हणतात.

आता दुरुस्ती. पहिला मोह होतो वाक्प्रचाराला वाक्प्रचार ठेवायचा. कोपरे कापण्याला आपल्याकडे ‘पाट्या टाकणे’ जवळचं आहे. पण काकांना ‘पाट्या टाकू नका’ असं लिहून बघा! वीस वर्षांचा धंदा त्या दिवशी संपेल. इंग्रजीत तो शब्दप्रयोग टोमणा थोडा मऊ करतो, मराठीत तीच गोष्ट थेट तोंडावर बसते. शिवाय काय करू नये ते त्यातूनही कळत नाहीच.

म्हणून मी हेड ऑफिसला फोन लावून विचारलं, कोपरे म्हणजे नेमकं काय? तेव्हा कळलं की मागच्या लॉटमध्ये बाहेरचा कागद ठरल्यापेक्षा हलका निघाला होता, १८० जीएसएमच्या जागी १५०. अख्ख्या मेलचा मुद्दा हा होता आणि मेलमध्ये तो कुठेच नव्हता. शब्दकोश धुंडाळून तो मला सापडला नसता. (हेड ऑफिसवाले अशा फोनला वैतागतात. वैतागू द्या.)

म्हणजे तो मेल असा जायला हवा होता: ‘बाहेरचा कागद १८० जीएसएमचाच वापरावा, मागच्या वेळी तो हलका आला होता. खोके पूर्ण वाळल्यावरच गाडीत भरावेत. माल १८ तारखेलाच हवा आहे, त्याआधी पाठवण्याची गरज नाही. कागद कमी पडेल असं वाटलं तर निदान तीन दिवस आधी मला फोन करावा.’ ‘दिवसाच्या शेवटी’ला यात पर्यायी शब्द नाही, कारण त्याची गरजच नव्हती. इंग्रजी मेलमधले असे अर्धे तुकडे बोलताना घसा साफ करण्यासारखे असतात, ते सरळ गाळावेत.

आयात केलेला प्रत्येक वाक्प्रचार टाकाऊ असतो असं मात्र नाही. ‘हिरवा कंदील’ बघा. इंग्रजीत नुसता हिरवा दिवा, मराठीने गार्डच्या हातातला कंदील घेतला, हिंदीने ‘हरी झंडी’. आपल्या ठाण्यात १८५३ साली रेल्वे आली, कंदील इथल्या लोकांनी डोळ्यांनी पाहिलेला, म्हणून तो रुळला. असे रुळलेले बिनधास्त वापरा.

अर्धवट रुळलेल्यांना जपा. ‘चेंडू तुमच्या कोर्टात’ पेपरात रोज येतं, म्हणून मी एकदा तुर्भ्याच्या एका ट्रान्सपोर्टवाल्याला लिहिलं. थकलेल्या बिलाचा विषय होता, त्यात ‘कोर्ट’ दिसलं. त्याने मेल थेट आपल्या वकिलाला दाखवला. हिंदीत निदान ‘गेंद आपके पाले में’ म्हणतात, पाला कबड्डीचा, त्यात खटला नाही. मी आता दोन्ही भाषांत एवढंच लिहितो: दर मान्य आहे की नाही ते गुरुवारपर्यंत कळवावे.