सुटणं आणि सोडणं

*माझ्या बालमित्राचा घटस्फोट चालू आहे, परस्पर संमतीने. परवा त्याने स्वतःच सांगितलं. वहिनींना मी लग्नाआधीपासून ओळखतो, त्यांच्याविषयी मला एक शब्दही लिहायचा नाही आणि सल्लाही द्यायचा नाही. तरी चार ओळी पाठवायच्या आहेत. हे लिहिलंय: "ऐकून धक्काच बसला. घटस्फोट म्हणजे सोपं नसतं. पण एकदाचं सुटलास. धीर धर, होईल सगळं ठीक. काही लागलं तर सांग." वाचलं की कुठेतरी खटकतं. 'घटस्फोट' शब्दच कठोर आहे का? त्याऐवजी काय लिहू? (मांजलपूर, बडोदा)*

खटकण्याचं कारण 'घटस्फोट' आहे, पण तो थोडासाच. जास्त खटकणारा शब्द पुढच्या वाक्यात आहे. तरी आधी तुम्ही विचारलेल्या शब्दाकडे जाऊ, कारण त्याची गोष्ट ऐकण्यासारखी आहे.

घटस्फोटाचा मूळ अर्थ नवरा-बायकोशी जोडलेला नव्हताच. तो जातीबाहेर टाकण्याचा विधी. मनुस्मृतीच्या अकराव्या अध्यायात तो दिला आहे. पतित ठरलेल्या माणसासाठी नातलगांनी गावाबाहेर जमायचं, दासीने पाण्याने भरलेला घडा पायाने लवंडायचा, जणू तो माणूस मेलाच, आणि सगळ्यांनी एक दिवसरात्र सुतक पाळायचं. त्यानंतर त्याच्याशी बोलणं बंद, त्याच्याजवळ बसणं बंद. या दोन गोष्टी तिथे मुद्दाम नावानिशी सांगितल्या आहेत, त्या लक्षात ठेवा, पुढे उपयोगी पडतील.

हा शब्द लग्न मोडण्याला कसा चिकटला? माझा तर्क असा. ज्या जातींत लग्न मोडायची रीत होती त्यांच्याकडे स्वतःचे शब्द होते. काडीमोड होता, म्हणजे काडी मोडून संबंध संपल्याचं दाखवणं. फारकत होती, ती मूळची फारखती, म्हणजे 'देणंघेणं उरलं नाही' असं लिहून दिलेला कागद. सोडचिठ्ठी होती. ज्यांच्याकडे रीतच नव्हती त्यांच्याकडे शब्दही नव्हता. मग कायद्याने नवी गोष्ट आणली तेव्हा पोथीतला सगळ्यात जवळचा 'संबंध तोडण्याचा' शब्द उचलला गेला. आपल्या बडोद्यात ही वेळ लवकर आली. सयाजीराव महाराजांनी संस्थानातल्या हिंदूंसाठी घटस्फोटाचा कायदा १९३१ साली केला, सबंध देशासाठी तशी तरतूद १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याने झाली.

आज कुणाच्याही मनात घडा लवंडत नाही हे खरं. 'घटस्फोट' आता कचेरीतला कोरडा शब्द झाला आहे, आणि तुमच्या मित्राने तो स्वतः वापरला असेल तर तुम्ही वापरायला हरकत नाही. पण त्याने दुसरं काही म्हटलं असेल, 'आम्ही वेगळे होतोय' किंवा नुसतं 'आमचं ते चाललंय', तर तुम्ही त्याच्या शब्दाला तुमचा शब्द लावून दुरुस्त करू नका.

आता खरी गंमत क्रियापदांत आहे. मराठीत जोड्या आहेत: सुटणं-सोडणं, तुटणं-तोडणं, फुटणं-फोडणं. 'उ' असला की गोष्ट आपोआप होते, 'ओ' आला की कुणीतरी ती करतं. दोरी तुटली म्हटलं तर दोष दोरीचाही नाही. दोरी तोडली म्हटलं की 'कुणी?' हा प्रश्न दारात उभा. 'सोडचिठ्ठी' या शब्दात तो 'ओ' आहे, म्हणजे एक देणारा आणि एक घेणारा आला. म्हणूनच तो शब्द आता वर्तमानपत्रांत पक्ष बदलणाऱ्या पुढाऱ्यांसाठी इतका फिट बसतो. 'स्फोट' मध्येही तोच 'ओ'.

आणि आपल्या शेजारच्या गुजरातीत बघा. तिथे म्हणतात छूटाछेडा. छेडा म्हणजे वस्त्राचं टोक, आपला पदर किंवा शेव. लग्नात वर-वधूच्या वस्त्रांची टोकं एकमेकांना बांधतात ती छेडाछेडी. ती टोकं छूटी, म्हणजे सुटी झाली, की छूटाछेडा. त्यांच्याकडेही छूटवुं आणि छोडवुं अशी जोडी आहे, आणि शब्दात निवडलंय ते 'छूट'. गाठ कुणी सोडली हे शब्द विचारत नाही. दोन टोकं आहेत, दोन्ही शाबूत आहेत, एकत्र बांधलेली होती, आता नाहीत. दांडिया बाजारातल्या आमच्या घरात आई या बाबतीत मराठी बोलतानाही 'त्यांचे छूटाछेडे झाले' असंच म्हणायची, आणि मला वाटायचं तिचं मराठी बिघडलंय. आता वाटतं, तिने दोन भाषांतला सौम्य शब्द निवडला होता. तुमचा मित्र बडोद्यातच वाढला असेल तर बोलताना हा शब्द बिनधास्त वापरा.

मग तुम्ही म्हणाल, 'सुटलास' मध्येही 'उ' च आहे, त्यात काय वाईट? पण सुटणं माणसाला लावलं की अर्थ पालटतो. गाठ सुटते तेव्हा ती फक्त मोकळी होते. माणूस सुटतो तो कशातून तरी: तुरुंगातून, तापातून, कटकटीतून. म्हणजे 'सुटलास' म्हटलं की वहिनी आपोआप तुरुंग झाल्या. तुम्ही त्यांचं नावही घेतलं नाही आणि निकाल देऊन बसलात. त्यावर 'एकदाचं'. हा शब्द फार लबाड आहे. पाऊस एकदाचा थांबला, पाहुणे एकदाचे गेले. 'हे केव्हाच व्हायला हवं होतं, मी वाट बघत होतो' एवढं सगळं त्यात मावतं. तुमच्या मित्राला त्यातून कळणार की इतकी वर्षं जेवायला येऊन तुम्ही मनात काय धरून बसला होतात.

आणि तो अजून सुटलेलाही नाही. परस्पर संमतीच्या अर्जात पहिल्या अर्जानंतर साधारण सहा महिने थांबून दोघांनी पुन्हा न्यायालयापुढे 'हो' म्हणायचं असतं. सर्वोच्च न्यायालयाने २०१७ साली सांगितलं की योग्य प्रकरणात हा काळ माफ करता येतो, पण नियम तो आहे. हुकूमनामा होईपर्यंत दोघांपैकी कुणीही संमती मागे घेऊ शकतं. मी हे ठेच लागून शिकले. एका मैत्रिणीला मी अगदी प्रेमाने 'बरं झालं सुटलीस' असं लिहिलं होतं. चार महिन्यांनी त्यांनी अर्ज मागे घेतला. ती आजही माझ्याशी नीट बोलते, पण तिच्या घरी गेले की मी तिच्या नवऱ्याच्या नजरेला नजर देत नाही. संदेश त्याने वाचला होता की नाही ते विचारायची माझी हिंमत झालेली नाही.

उरलेली वाक्यं पटापट बघू. 'ऐकून' काढा. ऐकायचं ते गल्लीत, चार जणांकडून. 'कळलं' थोडं बरं. पण तुम्हाला त्याने स्वतः सांगितलं आहे, तर 'तू सांगितलंस' असंच लिहा, त्याला तेवढं तरी त्याचं स्वतःचं राहू द्या. 'धक्काच बसला' मधला धक्का तुमचा आहे, त्याला सांभाळायला एक जास्तीचं माणूस. 'सोपं नसतं' हे त्याला माहीत आहे. 'धीर धर' हा आज्ञार्थ, आणि आज्ञार्थ म्हणजे व्याकरणातला सल्ला. 'खंबीर राहा', 'मुलांकडे बघ', 'विसरून जा' ही सगळी त्याच घरातली. ('काळजी घे' मात्र चालेल, त्याचा आता नुसता निरोप झाला आहे.) 'होईल सगळं ठीक' हे भविष्य, ते ज्योतिषाला ठेवा. 'काही लागलं तर सांग' यात चूक काही नाही, पण मागायचं काम त्याच्यावरच पडतं, आणि या दिवसांत माणूस मागत नाही.

म्हणजे उरलं काय? कर्ता 'मी', फार तर 'तू'. 'ती' नाही, 'त्या' नाहीत, 'तुम्ही दोघं' पण नाही. आज्ञार्थ नाही. आणि मघाचे ते दोन बंद केलेले व्यवहार, बोलणं आणि जवळ बसणं, ते उघडे आहेत एवढं सांगायचं, दिवस आणि जागा घालून. मी लिहिलं असतं तर असं:

*"अरे, परवा तू सांगितलंस तेव्हापासून तुझाच विचार चाललाय. मी शनिवारी सकाळी सातला कामाठीबागेच्या दरवाज्याशी असेन. आलास तर फिरू, नाहीतर बाकावर बसू. बोलायलाच हवं असं नाही. नाही जमलं तर पुढच्या शनिवारीही मी तिथेच असेन. याला उत्तर नाही दिलंस तरी चालेल."*

यात घटस्फोट, छूटाछेडा, वेगळं होणं, काहीच नाही, आणि त्याची उणीवही भासत नाही. तो शब्द त्याने आणावा, जेव्हा आणायचा तेव्हा. 'आलास तर', 'नाही जमलं तर' ही संकेतार्थी रूपं मुद्दाम घेतली आहेत, कारण त्यांत नाही म्हणायला जागा राहते. फक्त शनिवारी खरंच जा. पाऊस असला तर छत्री घेऊन.

एक प्रश्न तुम्ही विचारला नाहीत, पण तो बाकावर येणार. तो वहिनींना नावं ठेवायला लागला तर? तेव्हा 'हो ना' म्हणणं सोपं असतं आणि 'असं बोलू नकोस' म्हणणंही. पहिल्यात तुम्ही साक्षीदार होता, दुसऱ्यात वकील. परस्पर संमतीच्या अर्जात दोघंही मिळून अर्जदार असतात, समोरचा पक्ष कुणीच नसतो, तो तुम्ही बाकावर उभा करू नका. अशा वेळी मराठीतली चतुर्थी कामाला येते. 'त्यांनी तुला फार त्रास दिला' यात कर्ता आला, आरोप आला. 'तुला फार त्रास झालाय' यात त्रास आहे आणि ज्याला झाला तो आहे, तिसरं कुणी नाही. 'तुला फार लागलंय रे' याचंही तसंच. तो पुढे बोलेल. आणि तुमच्याकडून बोलताना त्यांचा उल्लेख करावाच लागला तर 'वहिनी' च म्हणा, 'ती' वर येऊ नका. तो स्वतः 'ती' म्हणत असेल, त्याचा हक्क आहे. तुमचं नातं त्यांच्याशी वेगळं होतं आणि ते तोडायचा अर्ज कुणी केलेला नाही.